अर्धी ऊर्जा गेली, तरी मीटरवर २३० व्होल्ट

बंद पडलेला टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर येतो. प्लग काढलेला असतो, मागचं झाकण उघडतं आणि पॉवर सप्लायच्या बोर्डावर अंगठ्याएवढा काळा डबा उभा दिसतो. त्यावर २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट असं छापलेलं असतं. हा मुख्य कपॅसिटर. घरातली २३० व्होल्टची वीज ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की तिच्या शिखराइतक्या व्होल्टेजला, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला, तो भरतो. त्यात तेव्हा ११.६ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक किलो साखरेची पिशवी मीटरभरापेक्षा थोडी जास्त उंचीवरून पडली, तर जेवढा दणका बसेल तेवढी.

चालू टीव्हीचा प्लग काढला तर ही ऊर्जा टीव्हीच खाऊन टाकतो. नादुरुस्त टीव्हीत गोम आहे ती इथेच. पुढची चिप सुरूच होत नसेल, तर कपॅसिटरमधून काही घेणारं कोणी उरत नाही आणि तो भरलेलाच राहतो. काही बोर्डांवर तो हळूहळू रिकामा करायला एक रेझिस्टर कायमचा जोडलेला असतो, पण तो उडालेला असला तर बाहेरून कळायला मार्ग नाही.

घाईतला कारागीर स्क्रूड्रायव्हर आडवा लावतो. ‘फट्’ आवाज होतो, टोकावर खड्डा पडतो, कधी बोर्डावरची तांब्याची पट्टीही उडते. शहाणा कारागीर १० किलो-ओहम, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायरींना जोडून ठेवतो. तो लावल्यावर किती वेळ थांबायचं, हा खरा प्रश्न.

रेझिस्टरचे ओहम आणि कपॅसिटरचे फॅरड यांचा गुणाकार केला की सेकंद मिळतात. १०,००० गुणिले ०.०००२२ म्हणजे २.२ सेकंद. याला कालांक म्हणतात. दर कालांकाला व्होल्टेज आधीच्या ३७ टक्क्यांवर येतं. ते एकसारखं घसरत नाही, कारण रेझिस्टरमधून जाणारा प्रवाह उरलेल्या व्होल्टेजवरच अवलंबून असतो. व्होल्टेज कमी झालं की प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी झाला की घसरणही मंद.

ऊर्जेचं गणित मात्र वेगळं आहे. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून ती दुप्पट वेगानं ओसरते. तिचा कालांक निम्मा, इथे १.१ सेकंद. ऊर्जा मूळच्या f इतक्या अंशावर यायला लागणारा वेळ असा:

t = (RC/2) × ln(1/f)

ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. कॅल्क्युलेटरवर त्याचं बटण असतं. ऊर्जा अर्धी व्हायची असेल तर f म्हणजे ०.५, ln(2) म्हणजे ०.६९३, आणि १.१ ने गुणलं की उत्तर ०.७६ सेकंद. पाऊण सेकंदात निम्मी ऊर्जा गेली! पण त्याच क्षणी मीटर काय दाखवतो? ३२५ भागिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे २३० व्होल्ट. ऊर्जा निम्मी झाली, तरी बोटाला बसणारा झटका घरातल्या सॉकेटच्या तोलाचाच. व्होल्टेज निम्मं, म्हणजे साधारण १६३, व्हायला आणखी पाऊण सेकंद जातो आणि तोवर ऊर्जा पाव झालेली असते. परीक्षेत मुलं हमखास इथेच घसरतात: विचारलेली असते ऊर्जा आणि उत्तर लिहितात व्होल्टेजचं.

आता ऊर्जा एक टक्क्यावर आणू. f म्हणजे ०.०१, ln(100) म्हणजे ४.६, म्हणून वेळ ५.०७ सेकंद. व्होल्टेज तेव्हा मूळच्या एक दशांश, ३२.५. कोरड्या बोटाला त्याचा झटका सहसा जाणवत नाही. ही पाच सेकंदं कारागीर मनातल्या मनात दहा मोजतो, आणि त्याला कारण आहे. अशा कपॅसिटरची क्षमता छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. ती २६४ मायक्रोफॅरड निघाली तर पाचाचे सहा सेकंद होतात.

‘मीटर लावलाय, तोच रिकामा करेल’ असं समजू नये. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम. त्याच सूत्रानं नुसती ऊर्जा अर्धी व्हायलाच पावणेतेरा मिनिटं लागतील! मीटरचं खरं काम पहारेकऱ्याचं. रेझिस्टर लावलेला असताना मीटरही जोडून ठेवला की आकडा पडताना दिसतो. तो ३२५ च्या आसपासच अडून बसला, तर रेझिस्टर आतून तुटला आहे किंवा वायर नीट टेकलेली नाही.

आणि आकडा शून्यावर आल्यावर रेझिस्टर काढला की थोड्या वेळानं तोच मीटर पुन्हा काही व्होल्ट दाखवू लागतो. मीटर बिघडलेला नसतो. कपॅसिटरच्या आतल्या इन्सुलेटिंग थरात मुरलेला थोडा प्रभार हळूहळू बाहेर येत असतो. अशा वेळी कारागीर तोच रेझिस्टर पुन्हा एकदा टेकवतो आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घेतो.