ही पेटी कोणामुळे विकली गेली?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या एखाद्या घरात हापूसची चौकशी सुरू होते. मोबाइलवर देवगडच्या एका बागायतदाराची वेबसाइट उघडून पेटीचा भाव पाहिला जातो. अजून भाव चढा आहे, थोडा उतरू दे, मग घेऊ, असं घरात ठरतं आणि ते पान बंद होतं. वीसेक दिवसांनी त्याच घरातून त्याच वेबसाइटवर दोन डझनांच्या पेटीची ऑर्डर जाते.

मधल्या वीस दिवसांत त्या मोबाइलवर बागायतदाराची जाहिरात कधी बातम्यांच्या पानाखाली, तर कधी एखाद्या पाककृतीच्या शेजारी येत राहिली. कोणी तिच्यावर बोट ठेवलं नाही. बहुतेक वेळा ती नजरेसही पडली नसेल. तरी महिनाअखेरीस बागायतदाराच्या हाती येणाऱ्या अहवालात ही पेटी 'जाहिरातीमुळे झालेली विक्री' म्हणून नोंदलेली असते.

अहवालात कोणी खोटा आकडा घातलेला नसतो. तो ज्या नियमाने तयार होतो, त्या नियमातच ही गोष्ट बसलेली आहे. वेबसाइटवर येऊन काही न घेता गेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा जाहिरात दाखवण्याला रिटार्गेटिंग म्हणतात. वेबसाइटच्या पानात दडवलेला एक छोटा कोड, म्हणजे पिक्सेल, त्या माणसाचा ब्राउझर लक्षात ठेवतो आणि त्याला एका यादीत टाकतो. पुढे त्याला जाहिरात कधी दिली गेली, तिची वेळेसह नोंद होते. ऑर्डर पक्की झाल्याचं पान उघडलं की तोच पिक्सेल पुन्हा बोलतो आणि यंत्रणा मागच्या नोंदी चाळते. जाहिरातीवर क्लिक केलं होतं का, हे आधी पाहिलं जातं. क्लिक नसेल, तर मागच्या ठरावीक दिवसांत जाहिरात निदान समोर आली होती का, हे पाहिलं जातं. आली असेल तर ती विक्री 'व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन' म्हणून मोजली जाते, म्हणजे क्लिक न करता, नुसत्या पाहण्यातून झालेली खरेदी. किती दिवस मागे जाऊन शोधायचं, त्या मुदतीला 'विंडो' म्हणतात.

ही मुदत कोणी निसर्गनियमाने ठरवलेली नाही, ती सेटिंगमधून निवडता येते. गूगलच्या डिस्प्ले जाहिरातींत पाहण्याची मुदत मुळात १ दिवसाची असते, पण ती ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. मेटाच्या जाहिरातींत, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर, ठरलेली पद्धत क्लिकसाठी ७ दिवस आणि पाहण्यासाठी १ दिवस अशी आहे. मुदत बदलली म्हणून एकही आंबा जास्त विकला जात नाही. अहवालातला आकडा मात्र कित्येक पटींनी बदलतो.

'पाहिली' हा शब्दही इथे फार सैल आहे. जाहिरात उद्योगाच्या सर्वमान्य मापानुसार चित्राच्या जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला, तर ती 'दिसण्याजोगी' ठरते. माणसाने तिच्याकडे पाहिलं का, हे त्यात येत नाही. काही अहवालांत तर तेवढीही अट नसते. जाहिरात पानाच्या तळाशी पोचवली गेली, माणूस तिथपर्यंत गेलाच नाही, तरी मोजणी होते.

आता हिशेब करून पाहू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण त्यांचा आपसातला मेळ प्रत्यक्षात पुष्कळदा असाच निघतो. समजा, हंगामात १०,००० माणसं वेबसाइट पाहून काही न घेता गेली. त्यांतली ८,००० चिठ्ठी टाकून निवडली आणि त्यांना जाहिरात दाखवली. उरलेल्या २,००० जणांना मुद्दाम दाखवली नाही. महिन्याभरात जाहिरात न पाहिलेल्या गटातल्या ८० जणांनी पेटी घेतली, म्हणजे शंभरात ४. जाहिरात पाहिलेल्या गटात ३५२ जणांनी घेतली, म्हणजे शंभरात ४.४.

दुसऱ्या गटाचं वागणं पाहता, जाहिरात दाखवली नसती तरी ८,०००पैकी ३२० जणांनी पेटी घेतलीच असती. म्हणजे जाहिरातीने वाढवलेल्या पेट्या ३२. आता अहवाल पाहा. जाहिरात जवळपास सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेली असल्यामुळे ३० दिवसांची मुदत लावली की ३५२पैकी ३४० पेट्या जाहिरातीच्या नावावर चढतात. मुदत १ दिवसाची केली तर समजा ९५ चढतात. प्रत्यक्ष क्लिक करून घेतलेल्या पेट्या २४च आहेत.

पेटी १,५०० रुपयांची आणि जाहिरातीचा खर्च १६,००० रुपये धरला, तर ३० दिवसांच्या मुदतीने जाहिरातीची विक्री ५ लाख १० हजार रुपये दिसते. एका रुपयाला जवळपास ३२ रुपये! असा आकडा पाहिल्यावर कोणीही पुढच्या वर्षी खर्च दुप्पट करील. खरी वाढीव विक्री मात्र ३२ पेट्यांची, म्हणजे ४८,००० रुपयांची आहे. पेटीमागे ३०० रुपये सुटत असतील तर नफा ९,६०० रुपये होतो. जाहिरातीला १६,००० गेले, म्हणजे बागायतदार ६,४०० रुपयांनी आत आला. ज्या कागदावर सगळ्यात मोठं यश छापलेलं आहे, त्याच कागदावर हा तोटा दडलेला आहे, आणि तो माणूस बिचारा त्यावर विश्वास ठेवून पुढच्या हंगामाची तरतूद करतो. मला या सगळ्यात हे फार सलतं. १ दिवसाची मुदतही निर्दोष नाही, कारण ३२च्या जागी ती ९५ दाखवते. ती फक्त कमी उदार आहे.

एवढी तफावत पडते, कारण रिटार्गेटिंगची यादीच मुळात घ्यायला निघालेल्या माणसांची असते. रस्त्यावरच्या फलकासमोरून कोणीही जातं. इथे मात्र भाव पाहून गेलेला, पेटी कार्टमध्ये टाकून थांबलेला माणूस हेरून त्याच्यासमोर फलक धरला जातो. त्यातल्या बऱ्याच जणांचा निर्णय झालेला असतो, फक्त पगार व्हायचा असतो किंवा भाव उतरायचा असतो. ही थांबण्याची मुदत आणि अहवालाची मुदत एकमेकांवर बसली की आपोआप होणारी प्रत्येक खरेदी जाहिरातीच्या खात्यात जाते.

यातून दुसरं नुकसानही होतं. जाहिरात चालवणाऱ्या एजन्सीचं काम याच आकड्यावर जोखलं जात असेल, तर तिला कोणाचं मन वळवण्याची गरज उरत नाही. यादीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर महिन्यात एकदा, कुठेही, स्वस्तातल्या स्वस्त जागी जाहिरात टेकवली की हक्क सांगता येतो. चांगल्या जागी ठळक दिसणारी एक जाहिरात महाग पडते. पानाच्या तळाच्या वीस जाहिराती स्वस्त पडतात, आणि लांब मुदतीच्या अहवालात त्या वीसच जास्त कर्तबगार दिसतात.

याचा अर्थ रिटार्गेटिंग निरुपयोगी आहे, असा नाही. क्लिक न करताही जाहिरातीचा परिणाम होतो. फलकावर तरी कोण क्लिक करतं? गॅरेट जॉन्सन, रँडल लुइस आणि एल्मार नुबेमेयर या अभ्यासकांनी २०१७ साली जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्चमध्ये यावर एक महत्त्वाचा प्रयोग मांडला. त्यांची पद्धत 'घोस्ट अ‍ॅड्स' म्हणून ओळखली जाते. न दाखवण्यासाठी राखून ठेवलेल्या गटातल्या माणसासमोर ज्या क्षणी विक्रेत्याची जाहिरात आली असती, त्या क्षणाची फक्त नोंद करायची आणि प्रत्यक्षात दुसरी कुठली तरी जाहिरात जाऊ द्यायची. त्यामुळे ज्यांना जाहिरात दिसली आणि ज्यांना ती दिसली असती, अशा खरोखर सारख्या माणसांची तुलना होते. एका रिटार्गेटिंग मोहिमेत त्यांना वेबसाइटच्या भेटी १७.२ टक्क्यांनी आणि खरेदी १०.५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ही वाढ खरी आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की जाहिरात पाहून खरेदी केलेल्या शंभरांतल्या सुमारे नव्वद जणांनी एरवीही खरेदी केलीच असती. लांब मुदतीचा अहवाल त्या नव्वदांवरही हक्क सांगतो.

लहान दुकानदाराला हाच प्रयोग करता येईल का? इथे एक अडचण आहे. वरच्या उदाहरणात २,००० जणांच्या गटातले ८० खरेदीदार निव्वळ योगायोगाने ७० किंवा ९० सहज झाले असते, आणि मग ३२ पेट्यांचा निष्कर्ष डळमळला असता. शंभरात ४ आणि ४.४ हा फरक खात्रीने ओळखायला दोन्ही गटांत साधारण ४०-४० हजार माणसं लागतात. एका बागेच्या वेबसाइटवर ती कुठून येणार?

तरी संशय खरा की खोटा, हे हाताशी असलेल्या माहितीतून बरंच कळतं. जाहिरात दिसल्यानंतर किती दिवसांनी खरेदी झाली, याची विभागणी मागावी. जाहिरातीने मन वळवलं असेल तर खरेदी पहिल्या एक-दोन दिवसांत दाटते आणि मग ओसरते. दुसऱ्या दिवशी जेवढी, जवळपास तेवढीच बाविसाव्या दिवशी होत असेल, तर यंत्रणा रोजची नेहमीची विक्रीच जाहिरातीच्या नावे टिपते आहे, असं समजावं. दुसरी खूण म्हणजे गूगल अ‍ॅड्समध्ये अशा विक्रीसाठी 'View-through conv.' हा वेगळा रकाना असतो आणि तो मुख्य 'Conversions' रकान्यात मिसळलेला नसतो. एजन्सीने पाठवलेल्या सुबक तक्त्यात मात्र दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात आलेली असू शकते. मूळ खातं उघडून ते पडताळता येतं.

आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे जाहिरात काही काळ बंद करून पाहणं. हंगामात दोन आठवडे नाशिकची जाहिरात बंद ठेवा आणि पुण्याची चालू. अहवालाकडे न पाहता दोन्ही शहरांतून आलेल्या ऑर्डरी आपल्या वहीतून मोजा आणि त्या आधीच्या दोन आठवड्यांशी ताडून पाहा. ही मोजणी ओबडधोबड आहे, चार-पाच टक्क्यांचा फरक तिच्यात सापडणार नाही. पण अहवाल म्हणत असेल की दहांतल्या सात पेट्या जाहिरातीने विकल्या, तर जाहिरात बंद झाल्यावर नाशिकच्या ऑर्डरी दहावरून तीनवर यायला हव्यात. एवढी मोठी घसरण वहीत लपू शकत नाही. ती दिसली नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे देण्याआधी एजन्सीला मुदत विचारा, आणि क्लिकची विक्री व नुसत्या पाहण्याची विक्री यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा.