थर ६१२ वर वीज गेली

थ्रीडी प्रिंटरवर गणपतीच्या मखराची कमान छापायला टाकली आहे. उंची १८० मिलिमीटर, एक थर ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे एकूण ९०० थर. ६१२वा थर चालू असताना, बेडपासून १२२.४ मिलिमीटरवर, वीज जाते. पंखे थांबतात, स्क्रीन काळी पडते आणि दोनशे अंशांवर तापलेलं नोझल कमानीच्या कडेला टेकूनच बसतं.

पूर्वी अशी अर्धवट कमान थेट कचऱ्यात जायची. आता बऱ्याच स्वस्त प्रिंटरांमध्येसुद्धा वीज गेल्यावर काम पुन्हा सुरू करण्याची सोय असते. पण ती सोय नक्की काय लक्षात ठेवते, हे माहीत नसल्यामुळे ती ऐन वेळी दगा देते.

एंडर ३सारख्या अनेक प्रिंटरांचा मेंदू म्हणजे ‘मार्लिन’ नावाचं फर्मवेअर. ही सोय चालू असेल तर प्रत्येक नवा थर सुरू होताना ते मेमरी कार्डवर एक छोटी नोंद करतं: फाइलमध्ये आपण कुठे आहोत, उंची किती, नोझल आणि बेडचं तापमान किती, पंख्याचा वेग किती. सोय चालू करून सेटिंग जपून ठेवायला दोनच आज्ञा लागतात:

```
M413 S1
M500
```

वीज आली की स्क्रीनवर काम पुढे चालवायचं का, असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हटलं की आधी बेड तापतो, मग नोझल. त्याखालचं प्लास्टिक मऊ झालं की नोझल थोडं वर उचललं जातं आणि फक्त आडव्या दोन दिशांचं, म्हणजे X आणि Y चं, शून्य शोधलं जातं. उंचीचं शून्य शोधायला नोझलला बेडपर्यंत खाली यावं लागेल, आणि खाली तर कमान उभी आहे. म्हणून उंचीसाठी प्रिंटर नोंदीवरच विसंबतो. घाबरून कुणी ‘ऑटो होम’ दाबलं, तर नोझल सरळ कमानीवर आदळतं. अंधारात हात लागून उंचीचा स्क्रू फिरला असेल, तरी नोंद आणि प्रत्यक्ष उंची जुळत नाही.

नोंद थराच्या सुरुवातीची असल्याने त्या थराचा जेवढा भाग छापून झाला होता, तो पुन्हा छापला जातो. बाहेरच्या बाजूला तिथे एक बारीक कंगोरा दिसतो. मखराला ते चालतं, कुठे भार घेणाऱ्या ब्रॅकेटला नाही. थंड थरावर बसलेला गरम थर नीट एकजीव होत नाही आणि पुढे वस्तू मोडली तर बहुधा त्याच रेषेवर मोडते.

एवढं असूनही सगळ्यात जास्त कामं वाया जातात ती वेगळ्याच कारणाने. आकडे कार्डावर सुरक्षित असतात, पण बेड थंड होतो. पीएलए प्लास्टिक छापताना बेड साधारण ६० अंशांवर असतो आणि त्या उबेमुळे तळ धरून राहतो. तो थंड झाला की बेड आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. काचेच्या बेडवरून तर वस्तू ‘टक्’ असा आवाज करत आपोआप सुटते. छपाई संपल्यावर हीच गोष्ट हवीहवीशी असते, ६१२व्या थरावर तीच घात करते. म्हणून ‘हो’ दाबण्याआधी कमानीचा तळ बोटाने हलकेच ढकलून पाहायचा. केसभरही हलला तर पुढे छापण्यात अर्थ नाही, कारण नोझल हवेत जाळं विणत बसेल. एबीएसची गत आणखी वाईट. त्याला बेड शंभर अंशांच्या आसपास लागतो आणि थंड होताना थरांमध्येच तडे जाऊ शकतात.

फिलामेंट संपल्याचं ओळखणारा सेन्सर इथे शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. त्याच्या साध्या रूपात एक छोटा स्विच असतो. दोरा आहे तोवर तो दाबलेला राहतो आणि शेपूट निघून गेलं की सुटतो. मग प्रिंटर `M600` ही आज्ञा चालवून डोकं बाजूला नेतो आणि नवं रीळ लावायची वाट पाहतो. थांबणं दोन्हीकडे आहे, पण इथे वीज असते. नोझल काही वेळाने गार केलं जातं, बेड मात्र तापलेलाच राहतो. त्यामुळे रात्री दोनला रीळ संपलं आणि माणूस सकाळी सातला उठला, तरी कमान जागेवर असते. या स्विचची एक खोड मात्र आहे. काही रिळांमध्ये दोऱ्याचं शेवटचं टोक रिळाला अडकवलेलं असतं. ते सुटत नाही, दोरा ताणला जातो, स्विच दाबलेलाच राहतो आणि प्रिंटर खुशाल रिकामा फिरतो. नोझल तुंबल्याचंही या स्विचला कळत नाही.

थोडक्यात, विकत घ्यायची आहे ती ऊब. कॉम्प्युटरला लावतात तो ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. त्यात बहुतेकदा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. एवढ्या झपाट्याने उपसली तर हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास येतात. पीएलए छापताना लहान प्रिंटर सरासरी शंभर-सव्वाशे वॉट घेतो. म्हणजे नव्या बॅटरीवर वीसेक मिनिटं, दोन वर्षं जुन्या बॅटरीवर त्याहून बरीच कमी. वळवाच्या पावसात दहा मिनिटं जाणाऱ्या विजेसाठी हे पुरेसं आहे. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार असेल, तर या यूपीएसच्या भरवशावर मोठं काम लावू नये. घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर असेल तर वेळेची चिंता नाही, पण त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ बाजूला हवा. दुसऱ्या बाजूला असेल तर वीज बदलताना क्षणभर खंड पडतो. दिव्याला तो कळत नाही, प्रिंटर मात्र तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो.

याहून लहान उपायही आहे. सुपरकपॅसिटर बसवलेला एक तळहाताएवढा बोर्ड मिळतो. तो बेड तापवू शकत नाही, काही सेकंद मोटर चालवू शकतो, बस्स. वीज गेल्याचा इशारा मिळताच हीटर बंद होतात, नोंद होते आणि नोझल दोन-तीन मिलिमीटर वर उचललं जातं. प्रुसाच्या एमके३ मध्ये अशीच युक्ती प्रिंटरमध्येच बसवलेली आहे. कंपनी तिला ‘पॉवर पॅनिक’ म्हणते. गरम नोझल कमानीवर टेकून राहत नसल्याने तिथे खड्डा किंवा गोळा होत नाही. तळ सुटण्याचा धोका मात्र तसाच राहतो.

आणखी एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. मार्लिनची ही सोय कार्डावरून छापलेल्या कामाला लागू पडते. फाइल यूएसबी केबलने कॉम्प्युटरवरून ओळीओळीने पाठवली जात असेल, तर प्रिंटरकडे फाइलच नसते, मग पुढे चालवणार काय?

आपल्या मशीनचा अंदाज घ्यायला २० मिलिमीटरचा एक ठोकळा पुरतो. तो निम्मा छापून झाला की बटण बंद करायचं, दोन मिनिटांनी चालू करायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. मग दुसरा ठोकळा घेऊन मधला वेळ अर्ध्या तासाचा करायचा. पहिल्या ठोकळ्यावरची रेष नखाला किती लागते, ते तपासायचं. दुसरा सुटला, तर यूपीएसची बॅटरी निवडताना निदान किती मिनिटं भरून काढायची आहेत याचा अंदाज येतो.