एकाकी प्याद्यापुढे कोणते मोहरे मारायचे?

शालेय क्रीडा स्पर्धांत नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे लातूर विभागात येतात. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या मुलांच्या डावांत सुरुवातीच्या दहा-बारा चालींनंतर एक रचना वारंवार उभी राहते. पांढऱ्याचे वजिरापुढचे प्यादे डी-४ वर असते आणि त्याच्या डावी-उजवीकडच्या सी आणि ई या उभ्या पट्ट्यांत पांढऱ्याचे एकही प्यादे उरलेले नसते. क्वीन्स गॅम्बिटमधून किंवा कॅरो-कानच्या काही प्रकारांतून ही रचना सहज येते. तिच्याविषयीचा नियमही मुलांना तोंडपाठ असतो: एकाकी प्यादे आपले असेल तर हल्ला करायचा, समोरच्याचे असेल तर मारामारी करून पट रिकामा करायचा. हा नियम अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे डाव हातचे जातात, असे माझे म्हणणे आहे. किती मोहरे मारले यावर इथे फारसे काही ठरत नाही. कोणते मारले आणि कोणते पटावर ठेवले, यावर ठरते.

आधी या प्याद्याचा स्वभाव पाहू. शेजारी प्यादी नसल्यामुळे डी-४ चे रक्षण दुसरे प्यादे करू शकत नाही, ते काम मोहऱ्यांनाच करावे लागते. शिवाय त्याच्या पुढचे डी-५ हे घर प्रतिस्पर्ध्याला आयते मिळते. तिथे बसलेल्या घोड्याला हुसकायला पांढऱ्याकडे प्यादे नसते. पण हेच प्यादे ई-५ आणि सी-५ या घरांवर नजर ठेवते. ई-५ वर पांढरा घोडा पाय रोवून बसला की काळ्याच्या राजाला त्याची झळ लागते. शेजारच्या पट्ट्या मोकळ्या असल्याने हत्ती आणि उंटांनाही वाटा मिळतात. म्हणजे प्याद्याची ताकद घोडे, उंट आणि वजीर यांच्या एकत्र हालचालीत आहे आणि दुबळेपणा त्या हालचाली थांबल्यावर दिसतो. तार्राश या प्याद्याच्या बाजूने उभा राहिला, तर निम्झोवित्शने त्याच्यापुढच्या घराची नाकेबंदी करायला शिकवले. दोघे एकाच रचनेच्या वेगवेगळ्या घटकांविषयी बोलत होते.

आता एक डाव बघू. १९३६ साली नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत बोट्विनिक पांढऱ्या मोहऱ्यांनी विद्मारविरुद्ध खेळला. नवव्या चालीला बोट्विनिकला डी-४ वर एकाकी प्यादे मिळाले. विद्मारने नियमाप्रमाणेच चाली केल्या: घोडा डी-५ वर आणला, पुढे पांढऱ्या घरांवरचा आपला उंटही डी-५ वर बसवला. सोळाव्या चालीला बोट्विनिकने आपल्या सी-३ वरच्या घोड्याने तो उंट मारला आणि काळ्याने घोड्याने परत मारून नाकेबंदी कायम ठेवली. एक जोडी कमी झाली, डी-५ वर घोडा आहे, सगळे पुस्तकाबरहुकूम. तरीही पुढच्या आठ चालींत डाव संपला.

कारण त्या मारामारीतच आहे. पांढऱ्याचा गेलेला घोडा हल्ल्यात नव्हताच. काळ्याचा गेलेला उंट मात्र ई-६ आणि एफ-५ या घरांचा राखणदार होता. पांढऱ्याचा ई-५ वरचा घोडा, बी-३ वरून एफ-७ कडे रोखलेला उंट, जी-५ वरचा दुसरा उंट आणि एच-३ वर आलेला वजीर, हे चौघेही पटावर तसेच राहिले. मग बोट्विनिकने एफ पट्टीतले प्यादे एफ-४ आणि एफ-५ असे पुढे नेले, तिथली मारामारी होऊन त्याचा हत्ती एफ-५ वर आला. काळ्याने वजीर डी-६ वर ठेवला तेव्हा विसाव्या चालीला घोड्याने एफ-७ वरचे प्यादे मारले. हत्तीने घोडा मारला, पांढऱ्या उंटाने एफ-६ वरचा घोडा मारला, काळ्या उंटाने तो परत मारला आणि एफ-५ वरच्या हत्तीने डी-५ वरचा घोडा उचलला. त्या एका चालीने काळ्याच्या वजिरावर हल्ला झाला आणि हत्ती बाजूला झाल्याने एच-३ वरच्या वजिराची नजर सी-८ वरच्या हत्तीवरही पडली. काळ्याने वजीर सी-६ वर नेऊन दोन्ही वाचवले, पण मग हत्ती डी-६ वर आला आणि बी-३ च्या उंटासमोर एफ-७ उघडे पडले. चोविसाव्या चालीला हत्ती डी-७ वर पोहोचताच विद्मारने डाव सोडला. नाकेबंदी करणारा घोडाच शेवटी मारला गेला, कारण त्याला आधार देणारे मोहरे एकेक करून उडवले गेले.

पंचेचाळीस वर्षांनी इटलीतल्या मेरानोमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यातला नववा डाव झाला. कोर्चनोई पांढऱ्याने, कार्पोव्ह काळ्याने. इथेही दहाव्या चालीला डी-४ वर एकाकी प्यादे उभे राहिले. कार्पोव्हने अकराव्या चालीला घोडा एच-५ वर, म्हणजे पटाच्या कडेला नेला. वरवर ही चाल विचित्र वाटते, पण तिने काळ्या घरांवरच्या उंटांची मारामारी घडवून आणली. हल्ल्यासाठी पांढऱ्याला हवा असलेला एक मोहरा त्यामुळे गेला. सोळाव्या चालीला कोर्चनोईने घोडा स्वतःच ई-४ वर आणून घोड्यांची जोडी संपवली. माझ्या मते या डावातली पांढऱ्याची पहिली मोठी चूक हीच. जिथे गर्दी टिकवायची तिथे त्याने स्वतःच ती कमी केली. सतराव्या चालीला कार्पोव्हने उंट सी-६ वर ठेवून ई-५ वरच्या घोड्यापुढे मारामारीचा पेच टाकला. कोर्चनोईने तो उंट मारला, काळ्या हत्तीने परत मारले आणि विद्मारला जो घोडा भारी पडला होता तो इथे नाहीसा झाला.

अठराव्या चालीनंतरचा पट नीट पाहायला हवा. प्रत्येकाकडे एक वजीर, दोन हत्ती आणि त्याखेरीज पांढऱ्याचा एक उंट, काळ्याचा एक घोडा. इथे सर्वसाधारण विद्यार्थी वजीर मारून मोकळा होईल, कारण पट आणखी रिकामा झाला म्हणजे आपला फायदा असे त्याला शिकवलेले असते. कार्पोव्हने वजीर आणि हत्ती जपले. त्याने दोन्ही हत्ती डी पट्टीत आणले, घोडा डी-५ वर बसवला. सत्ताविसाव्या चालीला कोर्चनोईने उंटाने तो मारल्यावर हत्तीने परत मारून वजीरही त्याच पट्टीत मागे उभा केला. वजीर पटावर असताना पांढऱ्या राजाला प्याद्याच्या मदतीला ई-३ कडे येता येत नाही. हत्ती आणि वजीर प्याद्याच्या राखणीत अडकून पडतात. वजिरावजिरी झाली असती तर पांढरा राजा मध्यावर येऊन एका प्याद्याची जबाबदारी आरामात उचलू शकला असता.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. ई-५ चा मारा येऊ नये म्हणून तिसाव्या चालीला कोर्चनोईने एफ पट्टीतले प्यादे दोन घरे पुढे नेले आणि राजापुढचे आवरण सैल केले. कार्पोव्हने पस्तिसाव्या चालीला तरीही ई-५ खेळले. मारामारीनंतर काळा हत्ती ई-५ वर उभा होता. डी-४ च्या प्याद्याने त्याला मारले की डी पट्टी उघडणार आणि दुसरा काळा हत्ती डी-२ वरच्या हत्तीवर पडणार होता. अडतिसाव्या चालीला नेमके तसेच झाले. शेवटी त्रेचाळिसाव्या चालीला वजिराने डी-५ वरून राजाला शह दिला आणि त्याच चालीत ए-८ वरचा हत्तीही पेचात धरला. कोर्चनोईने डाव सोडला. एकाकी प्यादे कार्पोव्हने कधी मारलेच नाही. त्याने त्या प्याद्यापायी पांढऱ्याचे मोहरे बांधून ठेवले आणि हरला तो राजा. पट सोपा करणे आणि हल्ला करणे हे दोन वेगळे रस्ते आहेत, ही समजूतच या डावापुढे टिकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळे घोडे-उंट मारून फक्त दुबळे प्यादे उरले तरी जिंकता येतेच असे नाही. १९३५ साली मॉस्कोत फ्लोहरविरुद्ध कापाब्लांकाने डी-५ वर एकाकी प्यादे आणि त्याला साजेसा नसलेला उंट घेऊन अवघड शेवट खेळला आणि बरोबरी राखली. एका दुबळ्या जागेची राखण जमते, दोन जागांची जमत नाही. म्हणूनच कार्पोव्हच्या डावात एफ-४ ची चाल निर्णायक ठरली, तिने दुसरी दुबळी जागा तयार केली. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही. पट भरभर रिकामा केला तर दुसरी जागा तयार करायला लागणारे वजीर आणि हत्तीच हातातून जातात, एवढेच तो सिद्ध करतो.

दुसरा आक्षेप घड्याळाचा. लहान वेळेच्या डावांत, विशेषतः मुलांच्या, हल्ला करणाऱ्याला सोपे जाते आणि राखण करणारा चुकतो, मग हिशेब कशाला करायचा? यात तथ्य आहे, पण हल्ल्यालाही मोहरे लागतात. पांढऱ्याने खेळणाऱ्या मुलाने प्रत्येक मारामारीआधी एवढेच पाहावे: माझा ई-५ वरचा घोडा किंवा एफ-७ कडे रोखलेला उंट जातो आहे का? जात असेल तर शक्यतो टाळावे. आणि डी-५ वर काळ्याचा पक्का पहारा बसण्याआधी संधी मिळाली तर प्यादे डी-५ ला ढकलून टाकावे. त्याने दुबळे प्यादे संपते आणि पट्ट्या मोकळ्या होतात. काळ्याचे मोहरे अजून मागे अडकलेले असतील तर त्यातूनच हल्ला उभा राहतो, नसतील तर बहुधा बरोबरीचा डाव हाती लागतो. काळ्याने खेळणाऱ्याने याच प्रश्नाची उलट बाजू धरावी: हल्ला करणारे उंट-घोडे आधी घालवायचे, वजीर आणि हत्ती ठेवायचे, डी-५ वर घोडा बसवायचा आणि मगच प्याद्याकडे वळायचे.

नांदेड-लातूरच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हे दोन डाव मुलांसमोर शेजारी शेजारी मांडावेत. बोट्विनिकचा डाव सोळाव्या चालीनंतर थांबवून आणि कार्पोव्हचा अठराव्या चालीनंतर थांबवून मुलांना आधी एवढेच विचारावे: आता पटावर कोणते मोहरे उरले आहेत आणि त्यांपैकी कोणता घालवलात तर तुमचा डाव सोपा होईल? उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि त्यानंतरच पुढच्या चाली उलगडून दाखवाव्यात.