चुरोचा गाभा कच्चा का राहतो?

माद्रिदच्या ‘सान गिनेस’मध्ये १८९४ पासून घट्ट चॉकलेटसोबत चुरो मिळतात. मैदा, मीठ आणि उकळतं पाणी, एवढंच पीठ. कसब तळण्यात.

पीठ चांदणीच्या साच्यातून पाडतात, ते केवळ नक्षीसाठी नव्हे. गुळगुळीत कांडीचं कवच आधी कडक झालं, तर आत कोंडलेली वाफ ती फोडते आणि तापलेलं तेल अंगावर उडतं.

कांडी दीड सेंटिमीटर जाड आणि तेल १८० ते १९० अंशांवर असलं, तर तीन-चार मिनिटांत ती आतपर्यंत शिजते. तेल जास्त तापलं, तर रंग झटकन चढतो, गाभा मात्र चिकट राहतो. थंड असलं, किंवा एकदम खूप कांड्या सोडल्या, तर चुरो तेल पितात.

शंका आली, तर एक मोडावा. आत ओलसर, चकाकती रेघ दिसली, तर पुढचा घाणा थोड्या मंद आचेवर मिनिटभर जास्त तळावा.