दुधातल्या पावडरीचं लेबल: साखर किती, प्रथिनं कुणाची?

आज मी येताना पिशवीतून दोन वस्तू आणल्यात. एक स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि दुसरी, तुमच्या बहुतेकांच्या घरी ओट्यावर असते तशी माल्टच्या पावडरीची बरणी. कंपनीचं नाव मी कागद चिकटवून झाकलंय, कारण मला एका कंपनीबद्दल बोलायचं नाही. या जातीच्या बऱ्याच बरण्यांवर साधारण असेच आकडे सापडतात.

आधी माल्ट म्हणजे काय ते पाहू. बार्ली, म्हणजे सातू, भिजवायची, मोड आणायचे आणि मोड आले की भट्टीत वाळवायची. आपण नाचणीला मोड आणतो तसंच हे. मोड येताना दाण्यात जी पाचकद्रव्यं तयार होतात ती पिठूळ भागाचं, स्टार्चचं, रूपांतर माल्टोज नावाच्या साखरेत करतात. मग त्याचा अर्क काढायचा, आटवायचा, वाळवायचा. त्यामुळे माल्टची चव मुळातच गोड असते. त्यात वरून साखर, कोको, थोडी दूध पावडर, जीवनसत्त्वं आणि लोह घातलं की ही बरणी तयार.

आता बरणी मागून फिरवा. पुढच्या बाजूला काय छापलंय ते विसरा, मागचा तक्ता बघा. या बरणीवर १०० ग्रॅम पावडरीमागे लिहिलंय: कर्बोदकं ८५ ग्रॅम, एकूण साखर ५० ग्रॅम, त्यातली वरून घातलेली साखर ३७ ग्रॅम, प्रथिनं ७ ग्रॅम. म्हणजे अर्धी बरणी साखर आहे. ३७ आणि ५० यांच्यात जे १३ ग्रॅम उरतात, ते बहुतांशी माल्टमधून आणि थोडेसे दूध पावडरीतून आले. लेबलवर त्यांना 'घातलेली साखर' म्हणत नाहीत. पण दातांना काय, माल्टोजही साखरच. म्हणून मी कोरड्या पावडरीच्या रकान्यातली 'एकूण साखर' आधी वाचतो.

कंपन्यांचं यावर उत्तर ठरलेलं असतं. मूल काही १०० ग्रॅम खात नाही, एका वेळचा भाग २० ग्रॅमचा. बरोबर आहे. २० ग्रॅममध्ये घातलेली साखर साडेसात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड चमचा. २०२३ मध्ये या विषयावर मोठा गदारोळ झाला तेव्हा एका नामांकित उत्पादकानेही जाहीरपणे हाच दीड चमचा सांगितला होता. आकडा खोटा नाही. पण २० ग्रॅम म्हणजे किती, हे घरात कुणी मोजलंय? इथल्या एका ताईंना मी विचारलं, तुम्ही किती घालता? त्या म्हणाल्या, "तीन चमचे, जरा भरून. नाहीतर ती पीतच नाही." त्यांच्या अंदाजाने भरलेले तीन चमचे आत्ता काट्यावर ठेवले, तर ३२ ग्रॅम आले. वर त्या एक चमचा साखरही घालतात. सकाळ-संध्याकाळ दोन पेले.

आता त्यांचाच हिशेब करू. मुलगी पाच वर्षांची. ३२ ग्रॅम पावडरीतली घातलेली साखर जवळजवळ १२ ग्रॅम, वरचा चमचा ५ ग्रॅम, म्हणजे एका पेल्यात १७. दोन पेल्यांत ३४. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १३६० किलोकॅलरी लागतात, असं आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्के म्हणजे १७ ग्रॅम, दहा टक्के म्हणजे ३४. म्हणजे या मुलीची दिवसभराची मर्यादा दुधाच्या दोन पेल्यांतच संपली, आणि आपण अजून माल्टोज मोजलेलं नाही. बिस्किट, जाम, शेजारच्या वाढदिवसाचा केक अजून यायचाच आहे.

आणि एक बारीक गंमत. लेबलवर साखरेपुढे टक्के दिलेले असतात, '१५ टक्के' वगैरे. ते टक्के कुणाचे? नियमाप्रमाणे ते २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाचे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेले. बरणीवर चित्र उड्या मारणाऱ्या पोराचं आणि हिशेब बाबांचा! (हशा)

आता प्रथिनं. इथे फसगत जास्त होते, कारण इथे आकडे खोटे नसतात, फक्त मोजमाप बदलतं. 'प्रथिनांचा स्रोत' असं म्हणायला, घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या दहा टक्के प्रथिनं असली तरी पुरतं. प्रौढाची गरज ५४ ग्रॅम धरली तर साडेपाच ग्रॅम झाले की दावा करता येतो. आपल्या बरणीत सात आहेत, म्हणून दावा नियमात बसतो. पण मूल घेतं २० ग्रॅम. त्यात प्रथिनं किती? १.४ ग्रॅम. पेल्यातल्या २०० मिलिलीटर दुधात मात्र सहा ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं असतात. म्हणजे पेल्यातलं पाचातलं चार भाग प्रथिन गवळ्याचं आहे, बरणीचं नाही.

म्हणून लेबलवर 'दुधासह' असा दुसरा रकाना असेल तर त्यावरून बोट काढा. तिथला साडेसात-आठ ग्रॅमचा आकडा रुबाबदार दिसतो, पण ती कमाई दुधाची. कॅल्शियमचंही मोठं श्रेय दुधाचंच. शिवाय घटकांच्या यादीत 'गव्हाचं ग्लुटेन' दिसलं, तर बरणीतल्या त्या १.४ ग्रॅममधलं काही तिथून आलंय. त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. सगळ्याच पावडरी अशा नाहीत हेही सांगतो. काहींत दूध पावडर मुख्य असते आणि १०० ग्रॅममागे १८ ग्रॅमपर्यंत प्रथिनं असतात. फरक घटकांच्या यादीत कळतो: जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. साखर दुसऱ्या क्रमांकावर आहे की पाचव्या, एवढं बघा.

'हेल्थ ड्रिंक' या शब्दाचं काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाची व्याख्याच नाही. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना माल्टची पेयं त्या सदरातून काढायला सांगितलं. बरणीच्या आतली पावडर त्याने बदलली नाही.

पावडरीत काहीच चांगलं नाही असं मी म्हणत नाही. त्यात घातलेलं लोह आणि जीवनसत्त्वं खरी असतात. आणि वजन कमी असलेल्या मुलाला डॉक्टरांनी काही दिलं असेल तर ते त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पण 'तिला भूक नाही' म्हणून दोन पेले पाजायचे आणि पेल्यांनी पोट भरल्यामुळे तिने पोळी-भाजी टाळायची, हे चक्र मला बरंच दिसतं.

ताईंनी शेवटी विचारलं, "मग उद्या सकाळी काय करू? एकदम बंद केलं तर दूधच सुटेल." एकदम बंद करू नका. वरची साखर उद्यापासून काढा. पावडर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करा, काट्यावर मोजून. संध्याकाळच्या पेल्याच्या जागी कधी ताक आणि मूठभर फुटाणे द्या. एवढ्याशा फुटाण्यांतही त्या दोन चमचे पावडरीपेक्षा जास्त प्रथिनं असतात. फक्त लहान मुलाला देताना जरा कुटून द्या, घशात अडकायला नको.