यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर : कोणाचे काम कोणते?

घरगुती वीज 230 व्होल्ट दाबाची धरलेली असते. हा दाब दोन तऱ्हांनी बिघडतो. पहिल्या तऱ्हेत तो सेकंदाच्या काही लाखांशांपुरता एकदम शेकडो किंवा हजारो व्होल्टपर्यंत उसळतो. जवळपास वीज कोसळली, मोठी मोटर बंद झाली किंवा गेलेली वीज परत आली की असे घडते. दुसऱ्या तऱ्हेत दाब काही सेकंद किंवा काही तास 170 व्होल्टवर उतरून राहतो, 270 वर चढतो किंवा वीज पूर्णच जाते. सर्ज प्रोटेक्टर पहिल्या बिघाडावर चालतो, दुसऱ्यासाठी यूपीएस लागतो.

बाजारात ‘स्पाइक गार्ड’ या नावाने मिळणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये व्हेरिस्टर नावाची, जस्ताच्या ऑक्साइडची छोटी चकती असते. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ काहीच वीज वाहू देत नाही. दाब एकाएकी फार चढला की तिचा रोध कोसळतो आणि जादा ऊर्जा संगणकाकडे न जाता तिच्यातून वाहून जाते. तिचा एक भाग अर्थिंगच्या तारेतून जातो, म्हणून सॉकेटला अर्थिंग नसेल तर संरक्षण अर्धेच मिळते. प्रत्येक उसळीने चकती थोडी झिजते. ती निकामी झाल्यावरही बोर्डावरची वीज चालूच राहते, त्यामुळे ‘प्रोटेक्टेड’ लिहिलेला दिवा विझला की तो बोर्ड बदलावा. ज्या बोर्डावर ज्यूलमधला आकडा छापलेला नाही, तो बहुधा केवळ एक्स्टेंशन बोर्डच असतो.

यूपीएसमध्ये बॅटरी आणि तिच्या डीसी विजेपासून एसी तयार करणारा इन्व्हर्टर असतो. घरोघरी दिसणारा ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ यूपीएस दाब कमी-जास्त झाला की आधी आतल्या ट्रान्सफॉर्मरने तो सावरतो. दाब त्याच्या मर्यादेबाहेर गेला किंवा वीज गेली, तरच तो बॅटरीवर येतो. या बदलाला साधारण 4 ते 10 मिलिसेकंद लागतात. चांगल्या प्रतीचा एसएमपीएस वीज तुटल्यावरही सुमारे 16 मिलिसेकंद संगणक चालता ठेवतो, म्हणून तेवढ्या खंडात संगणक बंद पडत नाही.

संध्याकाळी दाब 170 वर आला, मग वीज गेली आणि वीस मिनिटांनी परतताना उसळी आली, असे समजू. फक्त स्पाइक गार्ड असेल तर तो पहिल्या दोन्ही वेळी काहीच करत नाही. वीज जाताच संगणक बंद पडतो, न साठवलेले काम जाते आणि त्या क्षणी डिस्कवर लिहिली जाणारी फाइल बिघडू शकते. परतीच्या उसळीच्या वेळी मात्र तो कामी येतो. यूपीएस असेल तर 170 व्होल्टचा दाब तो वाढवून देतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर येतो.

600 व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये सहसा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे कागदावर 84 वॉट-तास. मॉनिटरसह 150 वॉट घेणारा संगणक तिच्यावर अर्धा तास चालावा असे वाटते. पण इतक्या वेगाने रिकामी होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी ऊर्जा वाया जाते. नवी बॅटरी असताना दहा-पंधरा मिनिटे मिळतात. एवढा वेळ काम साठवून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे. वीस मिनिटांचा खंड त्यात निभत नाही. शिवाय रिकामी बॅटरी पुन्हा भरायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा वीज जाणाऱ्या गावात पुढच्या वेळी आणखी कमी वेळ मिळतो. दोन-तीन वर्षांनी, उष्ण खोलीत त्याहून लवकर, बॅटरी थकते. आपला यूपीएस किती टिकतो हे पाहायचे तर काम साठवून भिंतीवरचा स्विच बंद करावा. संगणक लगेच बंद पडला तर बॅटरी बदलायची वेळ झाली आहे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. त्यातला हीटर शेकडो वॉट घेतो.

बहुतेक यूपीएसमध्ये उसळी अडवणारा छोटा व्हेरिस्टरही असतो, म्हणून वीज वारंवार जाते तिथे एकच वस्तू घ्यायची असेल तर यूपीएस घ्यावा. वीज क्वचितच जाते, पण उसळ्या येतात, तिथे चांगला सर्ज प्रोटेक्टर पुरतो. यूपीएसच्या आउटपुटला स्पाइक गार्ड जोडणे टाळावे, कारण स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची पायऱ्यांसारखी लहर त्यातल्या फिल्टरला मानवत नाही.

दोन प्रसंगी दोघेही अपुरे पडतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला की घरात 300 व्होल्टहून जास्त दाब बराच वेळ राहू शकतो. व्हेरिस्टर क्षणिक उसळीसाठी असल्याने तो तापून जळतो, आणि साधा यूपीएसही बिघडू शकतो. यासाठी मुख्य बोर्डावर जादा दाबाला वीज तोडणारे उपकरण बसवतात. जवळच वीज कोसळण्याची शक्यता असेल, तर प्लग आणि इंटरनेटची तार काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.