लघवीच्या रिपोर्टवर ‘ॲटिपिकल’ असं लिहून आलं तर

उदाहरणादाखल एक रुग्ण घेऊ. सांगली जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक, वय 61, तरुणपणापासून विडीची सवय. एके दिवशी लघवी लालसर झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा नेहमीसारखी. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरोघरी सब्जाचं पाणी दिलं जातं, ती हीच वेळ. पण न दुखता आलेलं रक्त थांबलं तरी त्याचं कारण शोधावंच लागतं, तंबाखूची सवय असलेल्यात तर नक्कीच. धुरातली घातक द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते.

सरांच्या सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात 7 मिलिमीटरचा खडा दिसला. मूत्राशय ‘नॉर्मल’. घरच्यांना हायसं वाटलं. डॉक्टरांना मात्र एवढ्यावर थांबता येत नव्हतं. मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार अस्तरात सपाट पसरतो, गाठ म्हणून वर येत नाही, आणि सोनोग्राफीला तो दिसतच नाही. म्हणून त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. एक युरिन सायटॉलॉजी, म्हणजे लघवीत गळून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. दुसरी सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं.

पहिल्याच नमुन्याचा घोटाळा झाला. लघवीची तपासणी म्हणजे सकाळची पहिली लघवी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. सरांनी पहाटेची लघवी बाटलीत घेतली आणि एसटीने दोन तास उन्हातून लॅबमध्ये नेली. रिपोर्ट आला : पेशी खराब झालेल्या, निष्कर्ष काढता येत नाही. रात्रभर मूत्राशयात पडून राहिलेल्या पेशी फुगतात, फुटतात, त्यांची केंद्रकं ओळखू येत नाहीत. सायटॉलॉजीसाठी पहिली लघवी सोडून द्यायची, पाणी पिऊन थोडं हिंडायचं-फिरायचं आणि त्यानंतरची ताजी लघवी द्यायची. निदान 50 मिलिलिटर तरी हवी, आणि शक्यतो लॅबमध्ये जाऊनच द्यावी. उशीर होणार असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवावी किंवा लॅबकडून पेशी टिकवणारं द्रावण मागून घ्यावं. पुष्कळदा तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतात, कारण रोगट पेशी दररोज गळतीलच असं नाही.

नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. खडा आहे का, जंतुसंसर्ग आहे का, नळी घातली होती का, पूर्वी किरणोपचार किंवा मूत्राशयात बीसीजीचं औषध दिलं होतं का, हे त्यावर लिहिलेलं हवं. यातल्या प्रत्येक गोष्टीने निरोगी पेशीही विचित्र दिसू शकतात. हा नमुना दुर्बीण घालण्याआधी द्यावा, कारण दुर्बिणीच्या घासण्याने अस्तरातल्या पेशींचे पुंजके सुटून येतात आणि बघणाऱ्याची फसगत होऊ शकते.

सरांचा दुसरा नमुना नीट गेला, आणि रिपोर्टवर शब्द आले : ‘ॲटिपिकल युरोथेलियल सेल्स’.

तो शेरा कशावरून देतात, ते पाहू. निरोगी पेशीत केंद्रक लहान असतं आणि त्याची कड गुळगुळीत असते. केंद्रकाने पेशीची निम्म्याहून जास्त जागा व्यापली असेल, आणि शिवाय त्याचा रंग गडद, कड वेडीवाकडी किंवा आतला पोत खरखरीत असेल, यांपैकी एखादी खूण दिसली, तर ती पेशी ॲटिपिकल ठरते. केंद्रकाने 70 टक्के जागा व्यापली आणि बाकीच्या खुणाही एकत्र दिसल्या, तर रिपोर्ट ‘संशयास्पद’ किंवा थेट ‘हाय ग्रेड कर्करोग’ असा येतो. 2016 मध्ये आलेल्या ‘पॅरिस सिस्टिम’मध्ये ही वर्गवारी आहे. म्हणजे ॲटिपिकल हा कर्करोगाचा रिपोर्ट नव्हे, आणि सगळं ठीक असल्याचाही नव्हे. खडा अस्तराला घासतो, संसर्गाने अस्तर सुजतं, तेव्हाही अशा पेशी येतात. काहींच्या बाबतीत मात्र यामागे खरोखर कर्करोग निघतो. ते नुसत्या पेशी बघून ठरत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. कमी आक्रमक, म्हणजे लो ग्रेड गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे सायटॉलॉजी ‘निगेटिव्ह’ असूनही आत गाठ असू शकते. म्हणून दुर्बीण चुकत नाही.

सिस्टोस्कोपीआधी लघवीचं कल्चर करतात. संसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार, मग दुर्बीण. नाहीतर जंतू रक्तात जाण्याची भीती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगाव्यात, आपल्या मनाने बंद करू नयेत. जागा बधिर करून वाकणारी दुर्बीण घालणार असतील तर बहुधा खाऊन-पिऊन जाता येतं. पाठीत इंजेक्शन किंवा भूल देणार असतील तर उपाशी राहावं लागतं. आपली तपासणी कोणत्या प्रकारे होणार, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावं.

सरांना वाकणारी दुर्बीण घातली. आधी मूत्रमार्गात लिग्नोकेनची जेली भरतात. ती थंड लागते, किंचित चुरचुरते. मग काही मिनिटं थांबायचं. ही मिनिटं डॉक्टरांनी घाईत उडवू नयेत, कारण बधिरपणा यायला तेवढा वेळ लागतोच. दुर्बीण जेमतेम 5 मिलिमीटर जाडीची असते. पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे 20 सेंटिमीटर लांब, बायकांचा अवघा 4, त्यामुळे बायकांना सहसा कमी त्रास होतो. पुरुषांना सर्वांत जास्त जाणवतं ते लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूपाशी आणि प्रोस्टेटमधून जाताना. तिथे काही क्षण सणक येते. “सर, आता लघवीला बसल्यासारखं सैल सोडा,” असं डॉक्टर म्हणतात ते त्याचसाठी. अंग आवळलं की स्नायू घट्ट होतो आणि जास्त दुखतं. पुढे मूत्राशयात सलाइन सोडतात आणि लघवीला जोराची लागते. इथेच बरेच जण ओशाळतात, पण ती भावना आतल्या पाण्याची असते. सगळं बघायला पाच-दहा मिनिटं पुरतात. पडदा दिसत असेल तर आपणही बघावं. पुष्कळांचं मन त्यात गुंततं आणि दुखणं कमी जाणवतं.

नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ होते, लघवी गुलाबीसर येते. थंडी वाजून ताप आला, गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सरांचं मूत्राशय आतून स्वच्छ निघालं. एखादा मखमली लाल डाग दिसला असता तर त्याचा तुकडा बायोप्सीला गेला असता. पण ॲटिपिकल पेशी मूत्रपिंडातून किंवा मूत्रवाहिनीतूनही आलेल्या असू शकतात, आणि तिथे ही दुर्बीण पोचत नाही. म्हणून मधुमेह नसतानाही आधी क्रिएटिनिन तपासून सीटी युरोग्राफी केली. तिच्यात खड्याखेरीज काही नव्हतं. खड्यावर उपचार झाले, आणि तीन महिन्यांनी सायटॉलॉजी पुन्हा केली, या वेळी दुसऱ्या लघवीची, लॅबमध्ये बसून दिलेली. ॲटिपिकल पेशी दिसल्या नाहीत. त्या पुन्हा दिसल्या असत्या, किंवा शेरा ‘संशयास्पद’वर गेला असता, तर अस्तर वरून ठीक दिसत असतानाही ठिकठिकाणचे तुकडे घ्यावे लागले असते. सरांच्या कागदावर डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून खाली पेनाने जोडलं आहे : मधेच लघवी लाल झाली, तर या तारखेची वाट बघू नये.